साडेतीन तासांची चूक आणि कोरियन माफी

चाकणजवळच्या एका कारखान्यात गाड्यांचे सुटे भाग बनतात. तिथल्या गुणवत्ता विभागात पाटील नावाचे अभियंते आहेत, असं समजू. त्यांचा माल दक्षिण कोरियातल्या उल्सानला एका गाडी कंपनीकडे जाणार आहे आणि तिथल्या खरेदी विभागाचे प्रमुख आहेत किमसाहेब. किम हे नाव उदाहरणाला सोयीचं आहे, कारण कोरियात साधारण दर पाच माणसांत एक किम भेटतो. एका ड्रॉइंगमधल्या बदलांवर बोलायला सकाळी दहाची ऑनलाइन बैठक ठरली. आमंत्रणात `10:00 KST` असं स्पष्ट लिहिलं होतं. पाटलांनी फक्त दहा वाचले.

कोरियाचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे असतं. किमसाहेबांचे दहा वाजले तेव्हा पुण्यात सकाळचे साडेसहा झाले होते. पाटील ऐटीत दहाला लॅपटॉप उघडून बसले, तेव्हा उल्सानची मंडळी जेवण उरकून पुन्हा कामाला लागली होती, कारण तिथे दीड वाजला होता. फोनवर काकाओटॉकचा संदेश पडलेला होता. कोरियात घरापासून ऑफिसापर्यंत सगळ्यांचं बोलणं या ॲपवर चालतं. समोरच्याने संदेश वाचला नसेल तोवर त्याच्या बाजूला 1 हा आकडा दिसत राहतो, आणि वाचला की तो जातो. पाटलांनी संदेश उघडला त्या क्षणी तिकडचा 1 गेला. आता त्यांनी पाहिलंय हे किमसाहेबांना कळलंय. उत्तर लगेच द्यायला हवं.

रांजणगावात एलजीचा कारखाना बरीच वर्षं आहे. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने 2023 मध्ये केला. पुण्याच्या आसपासच्या अनेक लघुउद्योगांना आता कोरियन माणसांशी रोजचा व्यवहार करावा लागतो. पुष्कळसा व्यवहार इंग्रजीतून होतो आणि तो चालतोही. पण माफी इंग्रजीत मागणं आणि कोरियनमध्ये मागणं यांत मोठा फरक पडतो. इंग्रजीत ‘सॉरी’ म्हटल्यावर आपण समोरच्याला कुठे बसवलं आणि स्वतः कुठे बसलो, हे त्या शब्दातून कळत नाही. कोरियनमध्ये ते वाक्यावाक्याला कळतं. म्हणून दोन ओळी का होईना, नीट कोरियनमध्ये लिहिलेल्या असल्या तर त्या लक्षात राहतात. आणि चुकीच्या पातळीवर लिहिल्या, तर त्याही राहतात.

कोरियन आदराबद्दल बहुतेक पुस्तकं सांगतात, की तिथे सभ्यतेच्या पायऱ्या असतात, खालून वर चढत जाणाऱ्या. माझ्या मते शिकणाऱ्याचा घोटाळा इथेच सुरू होतो. ती एकच शिडी नाही. आदराची तीन वेगवेगळी सूत्रं एकाच वाक्यातून चालतात आणि तिन्ही वेगळी सांभाळावी लागतात. मराठी माणसाला हे कळायला खरं तर सोपं जातं.

आपण मित्राला म्हणतो, ‘बाबा आले रे.’ या तीन शब्दांत दोन गोष्टी आहेत. ‘आले’ हा मान बाबांना आहे, आणि ‘रे’ ही सलगी मित्राशी आहे. उलट, साहेबांना आपण सांगतो, ‘साहेब, माझा मुलगा आला.’ इथे ऐकणाऱ्याला मान आहे, पण ज्याच्याविषयी बोलतोय त्याला नाही. म्हणजे ज्याच्याशी बोलतो त्याचा मान वेगळा आणि ज्याच्याविषयी बोलतो त्याचा वेगळा. कोरियनमध्ये नेमकं असंच आहे. कोरियन मुलगा मित्राला सांगतो, ‘आबॉजीगा ओश्यॉस्सॉ.’ यातला ‘शि’ वडिलांच्या मानासाठी क्रियापदात घातलेला आहे (इथे तो पुढच्या स्वराला चिकटून ‘श्यॉ’ झालाय), आणि शेवटचं उघडं ‘स्सॉ’ मित्राशी सलगीचं आहे.

फरक पडतो तो पुढे. मराठीत ‘पाऊस पडतोय’ हे वाक्य आपण भावाला आणि कलेक्टरला जसंच्या तसं सांगू शकतो. कोरियनमध्ये ते शक्य नाही. भावाला ‘बिगा वा’ म्हणायचं, ओळखीच्या किंवा अनोळखी मोठ्या माणसाला ‘बिगा वायो’, आणि व्यावसायिक बैठकीत ‘बिगा ओम्निदा’. पावसाचा कुणाच्या मानाशी काही संबंध नसतो, तरीही वाक्याचं शेपूट ऐकणाऱ्याकडे पाहून ठरतं. शेपूटच नसलेलं बोलणं म्हणजे बानमाल, ते घरचं आणि मैत्रीतलं. ‘-यो’वालं बोलणं हे रोजचं सभ्य बोलणं. ‘-म्निदा’वालं हे औपचारिक, बातम्या, सैन्य, भाषणं आणि व्यवसाय यांतलं. पाटलांच्या माफीत प्रत्येक मुख्य वाक्य ‘म्निदा’वर संपलं पाहिजे. एखादं ‘-यो’ निसटलं तर आभाळ कोसळत नाही. समोरासमोर बोलताना कोरियन माणसंही दोन्ही मिसळतात, कारण सगळंच ‘म्निदा’त बोललं की कवायतीसारखं वाटतं. पण लेखी माफीत मिसळू नये.

तिसरं सूत्र आपल्याकडे क्षीण आहे. कोरियनमध्ये समोरच्याला वर चढवण्याबरोबर स्वतःला खाली उतरवण्यासाठीही वेगळे शब्द आहेत. ‘मी’साठी मित्रांत ‘ना’ चालतो, इथे मात्र ‘चॉ’ हवा. ‘आम्ही’साठी ‘उरी’ नको, ‘चोही’ हवं. ‘देणं’ या क्रियापदालाही खालून वर दिल्याचा वेगळा शब्द आहे, ‘दुरिदा’. भेटण्यासाठी ‘ब्वेप्ता’ म्हणजे मोठ्यांचं दर्शन घेणं, जवळजवळ आपल्या ‘भेटीला येतो’सारखं. ‘तुम्ही’साठी मात्र कोरियनमध्ये कामाला येईल असा शब्दच नाही. शब्दकोशात ‘तांगशिन’ सापडेल, पण व्यवसायात तो वापरला तर भांडणाचा सूर लागतो. म्हणून हुद्दाच सर्वनामाचं काम करतो. विभागप्रमुख असेल तर बूजांग, आणि त्याला मानाचं ‘निम’ जोडून बूजांगनिम. पत्रभर ‘तुम्ही’च्या जागी ‘बूजांगनिम’ हेच येत राहणार. ‘मिस्टर किम’ परक्याला माफ असतं. ‘किम शी’ हे मात्र टाळा. ‘शी’ हा आदराचा प्रत्यय आहे असं पुस्तक सांगतं आणि ते पूर्ण नावापुढे ठीकही असतं, पण नुसत्या आडनावाला जोडला की हाताखालच्या माणसाला हाक मारल्यासारखं होतं. हुद्दा ठाऊक नसेल तर भेटकार्ड किंवा मेलखालची सही पाहावी. अलीकडे काही कंपन्यांनी हुद्द्यांच्या हाका बंद करून सगळ्यांना नावापुढे ‘निम’ लावायला सुरुवात केली आहे. सीजे या उद्योगसमूहाने हे 2000 सालापासून केलं, पुढे सॅमसंगनेही केलं. समोरची कंपनी तशी असेल तर तिचीच पद्धत पाळायची.

आता मुख्य शब्द. शिकणारा आधी ‘मियान’ शिकतो. ‘मियानहे’ हे मित्राला. मग तो विचार करतो, शेपूट बदललं की झालं, आणि साहेबांना लिहितो ‘मियानहाम्निदा’. व्याकरण बिनचूक, शेपूट सर्वांत औपचारिक, आणि तरीही चूक. कारण मियान हा शब्दच बरोबरीच्या किंवा धाकट्या माणसासाठी आहे. वरच्याला आणि ग्राहकाला ‘च्वेसोंगहाम्निदा’. यातल्या च्वे या चिनी मुळाच्या अक्षराचा अर्थ गुन्हा आणि सोंगचा अर्थ धास्ती. शेपटाची उंची आणि शब्दाची उंची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सगळ्यात ठळक दिसतं. त्याहून औपचारिक हवं असेल तर ‘साग्वादुरिम्निदा’, म्हणजे माफी अर्पण करतो. यातलं ‘दुरि’ तेच, खालून वर देण्याचं. आणि एक शब्द अजिबात नको, ‘यूगाम’. शब्दकोशात त्यापुढे खेद असं लिहिलेलं असतं, पण तो सरकारी निवेदनांतला खेद आहे. घडलं ते वाईट झालं असं म्हणायचं आणि दोष आपल्याकडे घ्यायचा नाही, तेव्हा मुत्सद्दी तो वापरतात.

शब्द जमला की कारण सांगण्याची वेळ येते, आणि इथे व्याकरणच माणसाचं मन उघडं करतं. कोरियनमध्ये ‘म्हणून’साठी दोन रूपं फार चालतात. एक ‘-सॉ’ आणि दुसरं ‘-निका’. उशीर झाल्याबद्दल माफी मागायची तर ‘नुजॉसॉ च्वेसोंगहाम्निदा’ हेच बरोबर. ‘नुजॉस्सुनिका च्वेसोंगहाम्निदा’ असं म्हटलं की कोरियन माणूस कपाळाला आठ्या घालतो. ‘निका’ हे आपली बाजू मांडणारं, युक्तिवादाचं कारण आहे. त्यापुढे आज्ञा येते, सूचना येते, पण माफी आणि आभार येत नाहीत. ‘सॉ’ मात्र फक्त एवढं सांगतं, की हे झालं आणि त्यातून हे आलं. आणखी एक बारकावा असा, की ‘सॉ’च्या आधी भूतकाळ लावत नाहीत, गोष्ट काल घडली असली तरी. मराठी माणूस ‘उशीर झाला म्हणून’ असा भूतकाळातून विचार करतो आणि तिथे हमखास अडखळतो.

कारण किती सांगायचं, हाही प्रश्न आहेच. कोरियन ऑफिसात कारणाला फार लवकर ‘ब्यॉनम्यॉंग’ म्हटलं जातं, म्हणजे सबब. पाटलांचं कारण खरं आहे, पण ते एका वाक्यात सांगून लगेच ‘चे बुलछारिम्निदा’ हे जोडायला हवं, म्हणजे हा माझा निष्काळजीपणा. आमंत्रण नीट दिसलं नाही, कॅलेंडरने वेळ बदलली नाही, असलं काही लिहू नये. खरं असलं तरी नाही.

ऑफिसातल्या गप्पांत बैठक बुडवण्याला कोरियन माणसं ‘पंक्चर करणं’ अशा अर्थाचा शब्दप्रयोग करतात, इंग्रजीतून आलेलाच शब्द. तो ऐकून पाठ करण्याचा मोह होतो. माफीत त्याला जागा नाही. तिथे ‘छामसॉखाजी मोथेसॉ’ म्हणायचं, म्हणजे उपस्थित राहू न शकल्याने.

मग पाटलांनी काय करायचं? आधी फोन. काकाओवर दोन ओळी टाकून गप्प बसणं पुरेसं नाही. फोनवर नाव सांगून एकदा च्वेसोंगहाम्निदा म्हणायचं, आणि लेखी पाठवतो असं सांगून ठेवायचं. त्यानंतर मेल, त्याच दिवशी, किमसाहेब ऑफिसातून निघण्याआधी. म्हणजे पुण्यातली दुपार उलटायची वाट पाहायची नाही. ती मेल देवनागरीत साधारण अशी वाचता येईल:

किम बूजांगनिम, आन्न्यॉंगहाशिम्निका. पाटील इम्निदा.

ओनुल ओजॉन यॉल्शी ह्वेईए छामसॉखाजी मोथेसॉ चिनशिमुरो च्वेसोंगहाम्निदा.

हानगुक शिगानुल इन्दो शिगानुरो चालमोत आल्गो इस्सॉस्सुम्निदा. चे बुलछारिम्निदा.

क्वीहान शिगानुल ने जुश्यॉन्नुन्दे किदारिशिगे हान जॉम कॉदुप साग्वादुरिम्निदा.

प्यॉनहाशिन शिगानुल आल्ल्यॉ जुशिम्यॉन कु शिगाने मात्छुगेस्सुम्निदा.

आफुरोनुन इरॉन इरी ऑप्तोरोक हागेस्सुम्निदा.

पाटील दुरिम

मराठीत सांगायचं तर असं: बूजांगसाहेब, नमस्कार, मी पाटील. आज सकाळी दहाच्या बैठकीला हजर राहता आलं नाही, मनापासून माफी मागतो. कोरियाची वेळ मी भारतीय वेळ समजून बसलो, निष्काळजीपणा माझाच. आपण बहुमोल वेळ काढलात आणि तरी आपल्याला ताटकळत ठेवलं, याची पुन्हा माफी मागतो. आपल्या सोयीची वेळ कळवलीत तर त्याच वेळेला मी हजर राहीन. यापुढे असं होणार नाही.

क्रम पाहा. माफी आधी आणि कारण नंतर. आपल्याकडे आपण कारणातून माफीकडे येतो, ‘अहो, झालं काय, की...’ अशी सुरुवात करून. तो सूर इथे चालत नाही. चौथ्या ओळीत मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो ‘किदारिशिगे’ हा शब्द. ‘किदारिगे’ लिहिलं असतं तरी अर्थ तोच राहिला असता, वाट पाहायला लावली. मध्ये घातलेला ‘शि’ सांगतो, की वाट पाहणारे आपल्यापेक्षा मोठे होते. सोयीच्या वेळेतल्या ‘प्यॉनहाशिन’मध्येही तोच शि आहे, कारण सोय त्यांची आहे. हजर राहणार तो मी, म्हणून त्या क्रियापदात मात्र शि नाही. पुढची वेळ आपण सुचवायची नाही, त्यांच्याकडून मागायची. ‘बुधवारी चालेल का’ हे आपल्याला सोयीस्कर आणि नम्रही वाटतं, पण माफीच्या मेलमध्ये ते घाई केल्यासारखं होतं. शेवटचं वचन कोरं वाटत असेल, तर यापुढच्या प्रत्येक आमंत्रणात दोन्ही देशांच्या वेळा लिहीन, अशी एक ओळ जोडावी. तेवढं ठोस असलं की पुरे. आणि सहीपुढचं ‘दुरिम’ म्हणजे सादर, आपल्या ‘आपला नम्र’ याच्या जागी.

माफी दोनदा आली आहे, दोन वेगळ्या गोष्टींसाठी, पहिल्यांदा न येण्यासाठी आणि दुसऱ्यांदा वाट पाहायला लावल्याबद्दल. तिसऱ्यांदा नको.

आदर कमी पडण्याची भीती बसली, की माणूस तो ओतायला लागतो, आणि मग वेगळ्याच चुका होतात. समजा पाटलांचं विमान उशिरा आल्याने बैठक बुडाली असती आणि त्यांनी विमानाच्या क्रियापदातही ‘शि’ घातला असता, तर ‘माझे विमानसाहेब उशिरा आले’ असं झालं असतं. कोरियात खुद्द कोरियन लोकांवर हीच टीका होते. दुकानांत तरुण विक्रेते ‘कॉफी तयार आहे’ हे वाक्य कॉफीलाच मान देऊन म्हणतात, आणि जुन्या पिढीला ते खटकतं. त्याहून वाईट म्हणजे स्वतःच्या क्रियापदात ‘शि’ घालणं. ‘मी येऊ शकलो नाही’मध्ये तो गेला की माणूस स्वतःलाच मोठेपणा देऊन बसतो, तेही माफी मागताना.

दुसरी चूक जड शब्दांची. ऑगस्ट 2022 मध्ये सोलमधल्या एका कॅफेने आरक्षणातल्या गोंधळाबद्दल माफी मागताना ‘शिमशिमहान साग्वा’ असे शब्द वापरले. चिनी मुळाचा हा शिमशिम म्हणजे अतिशय खोल, मनापासूनची माफी. पण रोजच्या कोरियनमध्ये त्याच उच्चाराचा शब्द आहे ‘कंटाळवाणा’ या अर्थाचा. कित्येक तरुणांनी तो वाचला ‘कंटाळवाणी माफी’ आणि भडकले. मग तरुणांना भाषा येत नाही की जुन्यांना साधं लिहिता येत नाही, यावर तिथे मोठी चर्चा झाली. परक्या माणसाने त्या वादात पडू नये. ‘चिनशिमुरो’, मनापासून, हा साधा शब्द सगळ्यांना कळतो आणि तो कुठेच कमी पडत नाही. मेल संपवताना ‘सूगोहासेयो’ म्हणजे कष्ट घ्या, चालू द्या, असं लिहिण्याचीही सवय लागते, कारण ते दिवसभर कानावर पडतं. ते वरच्याला म्हणू नये असंच तिथलं ऑफिस शिकवतं.

उत्तर येतं. बहुधा ‘ग्वेन्छान्सुम्निदा’, काही हरकत नाही. या शब्दावर विसंबू नये, तो शिष्टाचाराचा भाग आहे. पुढच्या ओळीत वेळ दिली आहे का ते पाहावं. ‘गुरुवारी कोरियन वेळेने दोन वाजता’ असं लिहिलं असेल तर प्रकरण मिटलं. नुसतं ‘पुढे कळवतो’ असेल तर मिटलेलं नाही. मग दोनतीन दिवस थांबून पाटलांनी ड्रॉइंगबद्दलच एखादी कामाची माहिती पाठवावी, माफी पुन्हा उगाळू नये. कोरियाला जायचंच असेल तर ‘चिकजॉप छाजाब्वेप्केस्सुम्निदा’, प्रत्यक्ष भेटीला येतो, असं कळवता येतं. त्यातलं ‘ब्वेप’ तेच स्वतःला खाली उतरवणारं.

नवी बैठक भरते, तेव्हा पाटील पाच मिनिटं आधी पडद्यावर असतात. किमसाहेब दिसले की ते मान आणि पाठ दोन्ही थोडी झुकवून म्हणतात, ‘जिनानबॉनेनुन च्वेसोंगहेस्सुम्निदा.’ या वेळी शब्द तोच, पण भूतकाळात, मागच्या वेळेबद्दल माफी मागितली होती अशा थाटात, म्हणजे तो विषय मागे टाकला गेलाय. किमसाहेब मान हलवतात आणि पाटील ड्रॉइंगच्या दुसऱ्या पानावरच्या भोकाच्या मापाबद्दल बोलायला सुरुवात करतात.